चॅटमधली उत्तरं नंतर सापडावीत म्हणून

अख्खा चॅट ऑब्सिडियन या नोंदींच्या ॲपमध्ये ओतू नकोस. मी वर्षभर तेच केलं. काही शोधलं की गप्पांचा ढीग समोर.

एका उत्तराची एकच नोंद कर. शीर्षकात विषय नको, निष्कर्ष हवा. एक्सेलच्या सूत्राबद्दल असेल तर असं: ‘VLOOKUP चुकतो कारण आकडे मजकूर म्हणून साठलेत’. (शीर्षकात # नको, लिंक बिघडते.) खाली स्वतः चालवून पाहिलेलं सूत्र आणि तारीख. मग लिंक, आणि ती का दिली तेही:

```
आकडे ठीक असतील तर मोकळ्या जागा तपास: [[TRIM ने जादा जागा काढणे]]
```

कारण न लिहिलेली लिंक सहा महिन्यांनी तुलाच कळणार नाही. शोध लिपी ओलांडत नाही. ‘व्हीलुकअप’ टाकलंस तर VLOOKUP मिळत नाही. म्हणून नोंदीच्या `aliases` मध्ये, म्हणजे पर्यायी नावांत, देवनागरी रूपही टाक.