डार्क वजा करायचे असतात, फ्लॅटने भागायचं असतं

प्रश्न: ताऱ्यांचे बरेच फोटो एकत्र करून स्टॅक केल्यावरही लाल-निळे ठिपके राहतात. डार्क लावले तर त्या जागी काळे ठिपके येतात. नुसते फ्लॅट लावले तर कोपरे उलट जास्तच उजळतात. काय चुकतंय?

उत्तर:

डार्क म्हणजे झाकण लावून घेतलेला फोटो, फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचा फोटो. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. कोपऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक नेमकी दाखवता येते.

पूर्ण अंधारातही कॅमेरा पिक्सेलला शून्य आकडा देत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये तो आधीच एक ठरावीक रक्कम मिसळतो, तिला ऑफसेट म्हणतात. समजा ती ५०० आहे. आकाशाचा प्रकाश मधोमध ८०० आहे आणि कोपऱ्यात लेन्समुळे त्याच्या ६०% म्हणजे ४८० पोहोचतो. फाइलमध्ये मात्र तुम्हाला १३०० आणि ९८० दिसतील. फ्लॅट सांगतो, ‘कोपऱ्याला ०.६ ने भागा.’ तुम्ही ९८० ला भागलंत की १६३३ येतात, मधल्या १३०० पेक्षा कितीतरी जास्त. हेच तुमचे उजळलेले कोपरे. आधी ५०० वजा केले असते तर ४८० भागिले ०.६ बरोबर ८०० आले असते, मधोमध आहेत तितकेच. डार्कमध्ये हा ऑफसेटही असतो, म्हणून आधी डार्क वजा करायचा आणि मग फ्लॅटने भागायचं. फ्लॅट एकटा लावून त्याची परीक्षा होत नाही.

फ्लॅटमध्येही तोच ऑफसेट बसलेला असतो. मधोमध ६००० आणि कोपऱ्यात ३६०० प्रकाश असेल तर फाइलमध्ये ६५०० आणि ४१०० दिसतात, आणि गुणोत्तर ०.६ ऐवजी ०.६३ होतं. त्याने ४८० ला भागलं की ७६१ च येतात, म्हणजे कोपरे थोडे काळेच राहतात. म्हणून फ्लॅट काढून झाले की झाकण लावून त्याच शटर स्पीडचे वीसेक फोटो घ्यायचे आणि फ्लॅटमधून वजा करायचे. यांना डार्क-फ्लॅट म्हणतात. थोडक्यात, कोपरे उजळले तर चूक आकाशाच्या फोटोंत शोधा, काळे राहिले तर फ्लॅटमध्ये.

आता काळे ठिपके. अंधारातही सेन्सरच्या उष्णतेने पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साचत जातात, आणि काही पिक्सेलमध्ये ते फार वेगाने साचतात. तेच तुमचे रंगीत ठिपके. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की हे साचणं दुप्पट होतं. मी सुरुवातीला थंड रात्री फोटो काढून डार्क दुसऱ्या दिवशी खोलीत घ्यायचो, तेव्हा मलाही असेच काळे ठिपके मिळायचे. गरम डार्क गरजेपेक्षा जास्त वजा करतो. डार्क जास्त थंड असेल तर उलट होतं, ठिपके पुसट होतात पण जात नाहीत.

सेन्सर थंड ठेवायची सोय नसलेल्या कॅमेऱ्याला उपाय एकच. फोटो संपले की कॅमेरा तिथेच, त्याच हवेत ठेवा, झाकण लावा, व्ह्यूफाइंडरही झाका, आणि तोच आयएसओ व तेवढंच एक्स्पोजर ठेवून डार्क घ्या. दोन मिनिटांचे वीस डार्क म्हणजे चाळीस मिनिटं जातात, ती द्यावीच लागतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते प्रत्येक फोटोमागे एकच डार्क घेऊन वजा करतं, आणि वेळही दुप्पट खातं.

एकच डार्क का पुरत नाही? डार्कने ठरलेल्या जागी येणारा दोष जातो, पण प्रत्येक फोटोत वेगळी पडणारी खरखर जात नाही. उलट डार्कची स्वतःची खरखर फोटोत मिसळते. वीस डार्कच्या सरासरीत ती सुमारे साडेचार पटींनी कमी होते. आकाशाची खरखर मात्र जास्त फोटो स्टॅक करूनच घटते. त्यासाठी डार्ककडून अपेक्षा ठेवू नका.

फ्लॅट घेताना फोकस, अॅपर्चर आणि कॅमेऱ्याची बैठक अजिबात हलवू नका. हलली तर धुळीचे गोल डाग त्यांच्या जागेवरून सरकतात आणि भागाकारानंतर एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला उजळ कड उमटते. लेन्सवर पांढरं कापड ताणून संधिप्रकाशातल्या आकाशाकडे धरलं की काम होतं. हिस्टोग्रामचा डोंगर साधारण मधोमध आला पाहिजे. स्क्रीनचा उजेड वापरलात आणि फ्लॅटवर आडवे पट्टे दिसले, तर मध्ये दोन-तीन कोरे कागद घाला, म्हणजे शटरचा वेळ वाढून पट्टे विरतात.

हे सगळं रॉ फाइलवरच करायचं. जेपेगमध्ये कॅमेरा आकडे आधीच वाकवून ठेवतो, मग वजाबाकी-भागाकाराला अर्थ उरत नाही. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर अशा स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डार्क, फ्लॅट आणि डार्क-फ्लॅट तिन्ही एकत्र द्या. मग दुरुस्त झालेला एकच फोटो उघडून, तारा नसलेल्या जागी, मधला आणि कोपऱ्यातला आकडा वाचून पाहा. दोन्ही जवळपास सारखे असतील तरच स्टॅकिंगला लागा.