चुनखडीचा चुना नेमक्या किती तापमानाला होऊ लागतो?

प्रश्न: चुनखडी भाजण्याच्या अभिक्रियेत ΔH म्हणजे उष्णतेतील बदल आणि ΔS म्हणजे अव्यवस्थेतील बदल, हे दोन्ही धन आहेत. अभिक्रिया कोणत्या तापमानाला स्वयंस्फूर्त होईल हे कसे काढायचे? माझे उत्तर १.१ केल्व्हिन येते. (बारावी, सांगली)

उत्तर: आपण एककांत चुकला आहात. ΔH किलोजूलमध्ये आणि ΔS जूलमध्ये दिलेली असते, त्यामुळे भागाकारापूर्वी दोन्ही एकाच एककात आणावी लागतात.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाचा रस निवळण्यासाठी जो चुना वापरतात, तो चुनखडी भाजूनच मिळतो. CaCO₃ → CaO + CO₂ या अभिक्रियेत ΔH सुमारे १७८.३ किलोजूल प्रति मोल आहे, आणि घनापासून वायू सुटत असल्याने ΔS धन, म्हणजे सुमारे १६०.५ जूल प्रति केल्व्हिन प्रति मोल आहे. ΔG म्हणजे मुक्त ऊर्जेतील बदल; तो ऋण असेल तरच अभिक्रिया स्वयंस्फूर्त होते. ΔG = ΔH − TΔS यात ΔG शून्य धरल्यास T = ΔH/ΔS, म्हणजे १,७८,३०० ÷ १६०.५, अर्थात सुमारे १,१११ केल्व्हिन किंवा ८३८ अंश सेल्सिअस येते. त्याच्या वर TΔS हे पद ΔH पेक्षा मोठे होऊन ΔG ऋण होते, म्हणजे अभिक्रिया स्वयंस्फूर्त होते.

मात्र हे मूल्य अंदाजी आहे, कारण २५ अंशांच्या ΔH आणि ΔS या किमती तापमानानुसार बदलत नाहीत असे आपण गृहीत धरले. कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण असताना प्रत्यक्षातला आकडा ९०० अंशांच्या जवळ जातो. उलट, भट्टीतून हा वायू सतत बाहेर निघून गेला, तर विघटन याहून कमी तापमानालाही सुरू होते.