इन्स्टाग्रामच्या जाहिराती खरंच इतक्या महाग पडतायत का?

प्रश्न: साड्यांचं ऑनलाइन दुकान आहे. इन्स्टावर महिन्याला 60 हजार घालतो, गूगल अ‍ॅनालिटिक्समधे त्यातून 20च ऑर्डरी दिसतात, म्हणजे एक ऑर्डर 3000 ला. बंद करू का?

उत्तर: लगेच नको, आधी तो 20 चा आकडा तपासा.

साडी कोणी पहिल्या क्लिकला घेत नाही हो. रात्री फोनवर इन्स्टात जाहिरात दिसते, क्लिक केलं की साइट इन्स्टाच्याच आतल्या ब्राउझरमधे उघडते, आणि त्याच्या कुकीज क्रोमला मिळत नाहीत. मग दोन दिवसांनी ताई ऑफिसच्या लॅपटॉपवर दुकानाचं नाव टाकून येतात आणि घेतात, की ती ऑर्डर Direct, म्हणजे थेट आलेल्यांच्या, किंवा गूगल सर्चच्या खात्यात. त्याच फोनवर क्रोममधून घेतली तरी तेच होतं.

अ‍ॅड ब्लॉकरचं दुखणं वेगळं. इन्स्टाच्या अ‍ॅपमधे ब्राउझरवाला ब्लॉकर चालत नाही म्हणून जाहिरात दिसते, पण लॅपटॉपवर uBlock Origin असेल तर अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्टच लोड होत नाही. ती ऑर्डर Direct मधेही नसते, फक्त तुमच्या अ‍ॅडमिन पॅनलमधे असते.

ही दुसरी गळती मोजता येते. पॅनलमधून महिन्याचे ऑर्डर नंबर काढा आणि अ‍ॅनालिटिक्समधल्या transaction_id शी जुळवा. समजा पॅनलमधे 200 आणि तिकडे 160, तर 40 गायब. पण सगळं ब्लॉकरवर ढकलू नका, यूपीआयने पैसे भरून गिऱ्हाईक 'धन्यवाद'च्या पानावर परत आलंच नाही तरी ऑर्डर मोजली जात नाही. गायब ऑर्डरी बहुतेक यूपीआयच्या असतील तर घोळ तिथेच आहे. गळती सगळीकडे सारखी धरली तर तुमच्या 20 च्या 25 होतात, म्हणजे ऑर्डर 2400 ला, आणि यात डिव्हाइस बदलणारे अजून धरलेलेच नाहीत.

त्यांच्यासाठी मेटाचं कन्व्हर्जन्स एपीआय लावा. त्यात ऑर्डर तुमच्या सर्व्हरवरून जाते, सोबत गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि ईमेल हॅश करून, म्हणजे न वाचता येणाऱ्या कोडमधे बदलून (संमतीचं तेवढं बघा), आणि मेटा ते इन्स्टाच्या अकाउंटशी जुळवतं, मग खरेदी कुठल्या का डिव्हाइसवर होईना. साइटवरचा मेटाचा ट्रॅकिंग कोड, म्हणजे पिक्सेलही चालू ठेवणार असाल तर दोन्हीकडून event_id एकच पाठवा, नाहीतर एक ऑर्डर दोनदा मोजली जाईल.

आता उलटी बाजू. मेटा नुसती जाहिरात बघून एका दिवसात घेतलेली ऑर्डरही सहसा स्वतःच्या नावावर लावतं, म्हणून मेटाचा आकडाही जसाच्या तसा धरू नका. मला पटणारी पद्धत म्हणजे साधारण सारख्या विक्रीच्या जिल्ह्यांचे दोन गट करायचे, एका गटात 3-4 आठवडे जाहिरात बंद ठेवायची आणि पॅनलमधल्या एकूण ऑर्डरी आधीच्या महिन्याशी ताडून बघायच्या. एकदोन शहरांवर हे करू नका, तिथे मुळात दहाबारा ऑर्डरी असतील तर तीनचारचा फरक असाच पडतो. आणि दिवाळी, लग्नसराईत तर नकोच.

बंद गटात विक्री हललीच नाही तर मात्र खुशाल बंद करा.