फिफोचे फॉल्ट ९ की १०?

प्रश्न: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या रेफरन्स स्ट्रिंगवर ३ फ्रेम घेऊन फिफोचे पेज फॉल्ट काढायचे होते. माझे १० येतात, उत्तरात ९ दिलेत. तीनदा करून बघितलं, चूक सापडत नाही.

तुमचे १० बरोबर आहेत, फक्त ते एलआरयूचे आहेत. वही समोर नसली तरी घसरलात कुठे ते सांगता येतं: आठव्या आणि नवव्या नोंदीवर, म्हणजे ५ नंतर येणाऱ्या १ आणि २ वर.

पहिल्या सात नोंदींपर्यंत फिफो आणि एलआरयू यांत काडीचाही फरक पडत नाही. सातही फॉल्टच आहेत, आणि आत असलेलं पेज पुन्हा मागितलंच गेलेलं नाही. त्यामुळे जे आधी आलं तेच सगळ्यात आधी वापरलेलंही असतं. ५ आत आल्यावर दोन्हीकडे रांग एकच दिसते: पुढे १, मग २, शेवटी ५. फाटा फुटतो तो यानंतर. खाली डावीकडचं पेज बाहेर जायला पहिलं उभं आहे, असं धरा.

```
नोंद    फिफो            एलआरयू
५       १ २ ५  फॉल्ट     १ २ ५  फॉल्ट
१       १ २ ५  हिट       २ ५ १  हिट
२       १ २ ५  हिट       ५ १ २  हिट
३       २ ५ ३  फॉल्ट     १ २ ३  फॉल्ट
४       ५ ३ ४  फॉल्ट     २ ३ ४  फॉल्ट
५       ५ ३ ४  हिट       ३ ४ ५  फॉल्ट
```

हिट आला की फिफोची रांग जागची हलत नाही. १ पुन्हा वापरलं गेलं याच्याशी फिफोला काही देणंघेणं नाही. ते आत कधी आलं एवढंच तो बघतो. तुम्ही बहुतेक हिट झालेलं १ उचलून रांगेच्या शेवटी नेलंत, मग २ नेलंत. तसं केलं की ३ साठी १ च्या ऐवजी ५ बाहेर जातं, आणि शेवटच्या नोंदीला ते ५ सापडत नाही. दहावा फॉल्ट तो. मी स्वतः अंतर्गत परीक्षेत अगदी हेच करून मार्क घालवलेत, कारण ‘आत्ताच तर वापरलं, ते कसं काढायचं’ असं हात आपोआप ठरवतो.

हे टाळायला फिफोचा तक्ता रांगेसारखा सरकवत लिहू नका. तीन फ्रेमच्या तीन ओळी आखा, नवीन पेज काढलेल्या पेजच्याच जागी लिहा आणि बाजूला एक बाण ठेवा. फॉल्ट आला की बाण दाखवेल ती फ्रेम बदलायची आणि बाण एक घर खाली, तळाला पोचला की परत वर. हिट आला की बाणाला हात लावायचा नाही. एलआरयूला मात्र असा गोल फिरणारा बाण चालत नाही, तिथे प्रत्येक हिटला क्रम बदलतो.

एलआरयूची खात्री करायला तक्ताही लागत नाही. कुठल्याही नोंदीवर बोट ठेवा आणि स्ट्रिंगमध्ये मागे मागे जात वेगवेगळी ३ पेजेस मोजा. मेमरीत त्या क्षणी नेमकी तीच असतात. शेवटच्या ५ वरून मागे गेलात तर ४, ३, २ मिळतात. त्यात ५ नाही, म्हणजे फॉल्ट. नवव्या २ वरून मागे १, ५, २ मिळतात, म्हणजे हिट. फिफोला ही युक्ती लावू नका, तिथे सुरुवातीपासून रांग चालवण्यावाचून इलाज नाही.

सुरुवातीचे तीन फॉल्ट धरायचे का, हेही पुष्कळ जण विचारतात. धरायचे. फ्रेम रिकामी असली तरी पेज डिस्कवरून आणावंच लागतं. उत्तराच्या वर ‘सुरुवातीला सर्व फ्रेम रिकाम्या’ एवढं लिहून टाका.

एक शक्यता मात्र तपासून घ्या. याच स्ट्रिंगवर ४ फ्रेम घेतल्या तर फिफोचेही १० फॉल्ट येतात, त्यामुळे चुकून चार ओळी आखल्या असतील तरी हाच आकडा मिळेल. फ्रेम वाढवून फॉल्ट वाढले म्हणून दचकू नका. हीच ती बेलाडीची विसंगती, १९६९ च्या शोधनिबंधातली, आणि परीक्षेत ही स्ट्रिंग पुन्हा पुन्हा येते ती त्यासाठीच. एलआरयूत असं होऊ शकत नाही: मागे जाऊन ४ वेगवेगळी पेजेस मोजली तर त्यात आधीची ३ असणारच, म्हणून ३ फ्रेमला जो हिट होता तो ४ फ्रेमलाही हिटच राहतो. ४ फ्रेमला एलआरयूचे फॉल्ट १० वरून ८ वर येतात.