बफर नावाची बहीण

"ताई, मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते. गेल्या सहा महिन्यांत 80, 15, 60, 10, 75, 30 हजार असे आले, म्हणजे ॲव्हरेज 45. म्हणून 45 चं बजेट केलं पण जमतच नाही. क्लायंट वेळेवर पैसे देत नाहीत, हाच प्रॉब्लेम आहे ना? कमी पडले की बहिणीकडून घेते, ती काही बोलत नाही. कुठलं ॲप वापरू?"

ॲप राहू दे गं. "ती काही बोलत नाही" इथेच मी अडकले. ती बोलत नाही म्हणून तुझं चुकीचं बजेट इतके दिवस चाललं, नाहीतर चौथ्या महिन्यातच कळलं असतं.

तुझेच आकडे घे. 80 आले, 45 खर्च, उरले 35. मग 15 आले, 45 खर्चाला उरलेल्या 35 मधले 30 गेले, राहिले 5. मग 60, हातात 20. आणि मग 10 आले की 15 हजार कमी, चल बहिणीकडे. हे पण उरलेल्याला तू हातच लावला नाहीस असं धरून, आणि मला नाही वाटत तसं झालं असेल, शिवाय यात टॅक्सचा पत्ताच नाही. ॲव्हरेज बरोबर आहे, पण पैसे ॲव्हरेजने येत नाहीत ना, कुठला महिना आधी येतो त्यावर सगळं असतं.

आता एकच कर. दुसरं खातं उघड, सगळी पेमेंट्स तिथेच येऊ देत, आणि त्या खात्याचं कार्ड पर्समध्ये ठेवायचंच नाही. आलेल्या प्रत्येक पेमेंटमधून 10 टक्के टॅक्ससाठी वेगळे काढ (तुझा टॅक्स किती बसतो ते बघून हा टक्का बदल), आणि 1 तारखेला तिथून घरखर्चाच्या खात्यात 30 हजार टाक, महिना कसाही गेला तरी 30च. हाच तुझा पगार. भाडं, बिलं, किराणा, हप्ते यात बसत नसतील तर आधी ते कमी कर, पगार वाढवू नकोस.

तेच सहा महिने असे चालवून बघ, 10 टक्के काढूनसुद्धा त्या खात्यात सगळ्यात कमी उरतात साडेपंचवीस हजार, दुसऱ्या महिन्यात, आणि शेवटी 63. पण सुरुवात मोठं पेमेंट आलेल्या महिन्यातच कर हां, 10 हजारवाल्या महिन्यात केलीस तर पहिलाच पगार निघणार नाही. तिथे 90 साठले, म्हणजे तीन पगार, की मग पगार थोडा वाढव.

क्लायंटचं म्हणशील तर उशीर करतात, करणारच. बिल पाठवलं की तू ते पैसे आलेच धरतेस ना? खात्यात पडेपर्यंत ते मोजायचे नाहीत.

बहिणीचे किती राहिलेत ते लिहून काढ, पुढच्या मोठ्या पेमेंटमधून आधी ते दे. आणि आजच तिला फोन करून सांग, यापुढे मी मागितले तर नाही म्हण.