आजीला कधी पाहिलंच नाही, मग मैत्रिणीला लिहू काय?

"मॅडम, मैत्रिणीची आजी गेली. मी त्यांना कधी भेटले नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं तर कॉपी-पेस्ट वाटतं, जास्त लिहिलं तर नाटक वाटतं. काय लिहू?"

नाशिकला कॉलेज रोडच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हे सारखं ऐकते, विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतले. यातली एक इंदिरानगरची मुलगी, तिची ऑफिसमधली मैत्रीण निफाडकडची. सुरुवातीला तिचं एकच पालुपद, मला आजीबद्दल काहीच माहीत नाही. मी सल्ला उशिरा देते, आधी विचारत राहते, आणि खरं सांगायचं तर मला तीच पद्धत पटते.

"मैत्रिणीच्या बोलण्यात आजी कधी यायची?"

"नाही आठवत."

"तिच्या डब्यात?"

ती गप्प झाली, मग म्हणाली, "कुरडया. दर उन्हाळ्यात गावाहून यायच्या, आजी करायची. अर्ध्या मीच खायचे."

"म्हणजे त्यांच्या हातचं तू खाल्लंयस."

इथे तिचे डोळे भरले. आणि मग भराभर आठवायला लागलं, लंच टाइमला मैत्रीण आजीला फोन लावायची, ऐकू कमी यायचं म्हणून जोरात बोलायची आणि सगळं ऑफिस हसायचं वगैरे.

मला तेव्हा जे दिसलं ते असं की आपण मेलेल्या माणसाबद्दल लिहायला जातो आणि अडकतो, कारण त्यांना आपण ओळखतच नसतो. ओळखतो ते नातवंडाला. आजी त्याच्यात जेवढी दिसली तेवढीच लिहायची, त्यापुढे "देवमाणूस होत्या" वगैरे नाही, तुम्हाला काय माहीत कशा होत्या!

शेवटी तिने पाठवलं ते हे: "आजींचं कळलं गं. भेटले नाही कधी, पण त्यांच्या कुरडया खाल्ल्यात आणि तुमचे फोन ऐकलेत. तू रोज न चुकता लावायचीस. रिप्लाय नको देऊ, दहाव्यानंतर घरी येते."

यात "वय झालं होतं, सुटल्या" नाहीये बघा. आजी-आजोबांच्या वेळी हे हमखास म्हटलं जातं आणि नातवंडाला वाटतं, आपण रडायचं पण नाही का. समाज ज्या दुःखाला फारशी जागा देत नाही त्यावर दुःखाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलंय, नातवंडांचं दुःख मला बऱ्याचदा त्यातलंच वाटतं. स्वतःच्या आजीची गोष्टही लगेच काढू नका, समोरच्यालाच तुमचं सांत्वन करावं लागतं. आणि "काही लागलं तर सांग" म्हटलं की कोणी सांगत नाही, त्यापेक्षा कधी येणार ते कळवा. रामकुंडावरचे विधी होईपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, नंतर एकदम रिकामं.

आता कुरडईसुद्धा आठवत नसेल, म्हणजे खरंच काही माहीत नसेल, तर तसंच लिहा: "तुझ्या आजोबांबद्दल कधी बोलणं झालं नाही आपलं, तुला वाटेल तेव्हा सांग, मला ऐकायचंय." ग्रुपवर श्रद्धांजलीची एक ओळ चालते, हे मात्र पर्सनलवर पाठवा.