‘फक्त’ खोडलं, ‘आधी’ लिहिलं

“मी बालदंतवैद्य आहे. तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दातांचा दवाखाना काढतेय. पहिल्यांदा येणारी मुलं पायरीवरच रडायला लागतात, आणि आईवडीलही घाबरलेलेच असतात. बोर्डावर ‘इथे अजिबात दुखत नाही’ असं लिहू का? पहिल्या भेटीची भीती जाईल अशी एखादी टॅगलाइन सुचवाल?”

डॉक्टर, ते वाक्य लिहू नका. का, ते एका दवाखान्याच्या अनुभवावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका दंतवैद्य जोडप्याने मला बोलावलं होतं. त्यांच्या बोर्डावर हसऱ्या दाताचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘घाबरू नका, इथे दुखत नाही!’ दवाखाना स्वच्छ, डॉक्टर दोघेही मृदू स्वभावाचे, तरी मुलं दारातच अडायची. मी उपाय सांगायच्या आधी तीन संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसले आणि पालक मुलांशी काय बोलतात तेवढं वहीत लिहून घेतलं. “काही करणार नाहीत रे, काही म्हणजे काही नाही.” “चॉकलेटं खातोस ना? आता बघ, सगळे दात काढतील.” “गप्प बस, नाहीतर इंजेक्शन द्यायला सांगेन.” तिसऱ्या दिवशी साडेचार वर्षांच्या एका मुलीला तिची आई बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाली, “बघ, इथे लिहिलंय, दुखत नाही.” मुलीने विचारलं, “काय दुखत नाही?”

आईला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं. ती मुलगी तोपर्यंत बाकावर पाय हलवत मजेत बसली होती. दुखण्याची गोष्ट तिच्या डोक्यात पहिल्यांदा आली ती त्या बोर्डावरूनच. ‘दुखत नाही’ हे समजायचं तर आधी ‘दुखणं’ डोळ्यांसमोर आणावं लागतं, आणि या वयाच्या मुलाला ‘नाही’पेक्षा ते चित्रच जास्त पटतं. मोठी माणसं पुन्हा पुन्हा धीर द्यायला लागली की मुलाला एवढंच कळतं, की धीर द्यावा लागेल असं काहीतरी इथे होणार आहे.

स्टॅनली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७मध्ये भीती शिकण्याच्या तीन वाटा मांडल्या होत्या: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरलेलं पाहणं आणि कानावर पडलेलं बोलणं. दाताच्या डॉक्टरकडे पहिल्यांदाच निघालेल्या मुलाकडे पहिली वाट नसतेच. आत कुणी रडत असेल तर दुसरी उघडते. त्यासाठी उपचाराच्या खोलीचं दार नीट लागतंय ना, हे बघावं लागतं. टॅगलाइन पोचते ती फक्त तिसऱ्या वाटेवर. आणि चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. बोर्ड वाचते आई, आणि आदल्या रात्री अंथरुणात मुलाला काय सांगायचं हे त्यावरून ठरवते. म्हणून टॅगलाइन म्हणजे आईच्या तोंडी घातलेलं वाक्य, असं समजून ती लिहायची.

आम्ही त्या जोडप्याबरोबर बसून वाक्यं काढली. ‘हसत या, हसत जा’ हे सगळ्यांना आवडलं, पण त्यात मुलाने काय करायचं ते नाही; शिवाय जे मूल रडत गेलं ते नापास झालं. ‘वेदनारहित उपचार’ तर मुलाला सांगताही येत नाही. त्यात हमी दिल्यासारखं होतं, आणि दंतवैद्यांच्या आचारसंहितेत जाहिरातीवर बंधनं आहेत, तेव्हा कुठलंही वाक्य रंगवण्याआधी राज्याच्या दंत परिषदेकडे विचारून घ्या. डॉक्टरांच्या मुलीने दातपरी सुचवली होती. आपल्याकडे पडलेला दात परीला नाही, उंदराला जातो, नाहीतर कौलावर. (आता घरावर स्लॅब आला, तरी मुलं दात वरच भिरकावतात.) परीची ओळख करून द्यायलाच आईला निम्मी रात्र लागली असती.

मग मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्या भेटीत तुम्ही खरोखर सगळ्यात आधी काय करता? ते म्हणाले, “काय करणार, दात मोजतो.”

बालदंतवैद्य असंच करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आरसा फिरवत दात मोजता मोजता कीड, हिरड्या, चावा सगळं बघून होतं. दुधाचे दात वीस. अडीच-तीन वर्षांपर्यंत ते बहुधा सगळे येतात, आणि आकडेही त्या वयात मुलांना नुकते पाठ व्हायला लागलेले असतात. म्हणजे मोजणं हे मुलाला माहीत असलेलं काम आहे, त्यात त्याला डॉक्टरांची चूकही काढता येते. बोर्डावर आलं: ‘आज फक्त दात मोजायचे!’

दोन गोष्टी त्याला जोडल्या. भेटीची वेळ कळवणाऱ्या मेसेजमध्ये आम्ही टाकलं, “घरी एवढंच सांगा: डॉक्टर दात मोजतील.” बोर्ड दिसेपर्यंत घरचं बोलणं होऊन गेलेलं असतं, त्यामुळे मेसेजचं काम बोर्डापेक्षा मोठं. आणि आत शब्द बदलले. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत बालदंतवैद्यकात १९५९पासून नावानिशी शिकवली जाते; पण ‘सांगायचं’ ते कुठल्या शब्दांत, हे प्रत्येक गावाला आपलं ठरवावं लागतं. इथे थुंकी ओढणारी नळी ‘हत्तीची सोंड’ झाली, हवा-पाण्याचा फवारा ‘वारा-पाऊस’. तो आधी मुलाच्या तळहातावर सोडायचा, मग तोंडात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला खुर्चीत बसवायचंच नाही. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईच्या मांडीवरून मागे झुकून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवतं, त्याला आईचा चेहरा दिसत राहतो. त्यात ते रडतंच बहुतेक. तोंड आपोआप उघडतं, मोजणी मिनिटभरात आटोपते, आणि लगेच आईच्या कडेवर. ते रडणं वयाला धरून असतं, त्याची धास्ती घेऊ नका.

महिना-दीड महिना बरा गेला. मग चूक कळली, आणि ती माझीच होती.

पाच वर्षांचा एक मुलगा गाल सुजवून आला. खालच्या दाढेला मुळापर्यंत कीड, रात्रभर झोप नाही. ही त्याची पहिलीच भेट. वडिलांनी मेसेज वाचून प्रामाणिकपणे सांगितलं होतं, “फक्त मोजतात.” पण पू झालेला, त्याच दिवशी दाढ उघडणं भाग होतं. भूल दिली, काम झालं, सूजही पुढे उतरली. बाहेर येताना बधिर ओठांतून तो वडिलांना एवढंच म्हणाला, “तू खोटं बोललास.” पुढच्या भेटीला तो रिक्षातून उतरलाच नाही.

आपल्याकडे पुष्कळ मुलांची पहिली भेट अशीच, दाढ ठणकायला लागल्यावर होते. त्या दिवशी ‘फक्त’ हा शब्द डॉक्टरांना पाळता येत नाही, आणि खोटे ठरतात वडील. दुखऱ्या दिवशीही खरी राहील अशीच टॅगलाइन हवी होती. आम्ही एकच शब्द बदलला: ‘आधी दात मोजूया!’ सुजलेला गाल असो की धडधाकट तोंड, सुरुवात मोजणीनेच होते. नंतर काही असेलही, हे ‘आधी’ कबूल करतं, पण ते काय हे आत्ता सांगत बसत नाही. आणि ‘मोजायचे’च्या जागी ‘मोजूया’ आल्याने मूलही मोजणाऱ्यांत आलं.

‘नंतर’साठी डॉक्टरांनी त्यांची वाक्यं ठरवली. भूल देताना “काही होणार नाही” म्हणायचं नाही. हिरडीवर जेल लावून एक-दोन मिनिटं थांबायचं, मग म्हणायचं, “आता दाढ झोपवूया. थोडं चिमटल्यासारखं होईल, मी दहा मोजेन. नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबेन.” आणि हात वर झाला की खरंच थांबायचं, दहाव्यांदा झाला तरी. पहिल्या एक-दोन वेळा मुलं हात उगीचच वर करतात, डॉक्टर थांबतात का ते बघायला. थांबल्याचं दिसलं की हात बहुतेक खालीच राहतो.

फरक पडतोय का, हे अंदाजाने ठरवायचं नाही. मुलाच्या वागण्याची चार पायऱ्यांची फ्रँकल मोजपट्टी तुम्ही अभ्यासात शिकलाच असाल. १ म्हणजे ठाम नकार, ४ म्हणजे हसतखेळत सहकार्य. कार्डावर तीनदा आकडा लिहा: दारात, खुर्चीत, निघताना. शेजारी रिसेप्शनवरच्या ताईंनी एक प्रश्न विचारून उत्तर लिहायचं, “घरी काय सांगून आणलंत?” दारातला आकडा १ आणि उत्तर “इंजेक्शन देणार नाहीत असं सांगितलं”, तर मेसेज पोचलेला नाही. दारात ३ आणि खुर्चीत १, तर मेसेज पोचलाय पण आत काहीतरी बिनसतंय, बोर्ड बदलून उपयोग नाही.

काही मुलांना ही टॅगलाइन पुरणार नाही. ज्याला दुसरीकडे धरून-दाबून दात काढल्याचा अनुभव आहे, त्याची भीती ऐकीव नाही, स्वतःची आहे. त्याला दोन-तीन वेळा नुसतं येऊन जाऊ द्यावं लागतं. स्वमग्न मुलांना आवाज आणि दिवा यांचीच तयारी आधी हवी असते.

बोर्डाच्या खालच्या ओळीत एक गोष्ट मात्र घाला: ‘पहिला दात आला की पहिली भेट.’ पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, आणि फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल दाखवावं, असं बालदंतवैद्यांच्या संघटना सांगतात. दात किडण्याच्या आधी दोन-चार निवांत भेटी झाल्या असतील, तर पुढे एखादी दुखरी भेट आली तरी ती मनात तशी घर करत नाही.

त्या रिक्षातल्या मुलाचं राहिलं. डॉक्टर ट्रे, मास्क सगळं आत ठेवून बाहेर आले, रिक्षाच्या फूटबोर्डवर टेकले आणि म्हणाले, “चुकलं माझं, त्या दिवशी फक्त मोजलं नाही. आज तू माझे मोज.” आणि तोंड उघडलं. मुलाने बराच वेळ त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग बोट न लावता, लांबूनच मोजायला लागला. पंधरानंतर सतरा आला, तो डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवूनच “आँ” करून परतवला. अठ्ठावीस भरले. “चार कुठं गेले?” हे रिक्षावाल्याने विचारलं.